घर कंपनीचे, कर आपला

मुंबईत महिना 50,000 रुपये भाड्याच्या घरात राहणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनी दोन प्रकारे मदत करू शकते. ती दरमहा 50,000 रुपये घरभाडे भत्ता म्हणून पगारात देते आणि कर्मचारी ते घरमालकाला देतो. किंवा कंपनी स्वतःच घरमालकाशी भाडेकरार करते, भाडे थेट भरते आणि घर कर्मचाऱ्याला राहायला देते. दोन्हींत कंपनीचे वर्षाला 6 लाख जातात आणि कर्मचारी त्याच घरात राहतो. मात्र नव्या करप्रणालीत पहिल्या प्रकारात पूर्ण 6 लाखांवर कर लागतो. दुसऱ्या प्रकारात, त्याचा रोख पगार 24 लाख असेल, तर कर लागतो फक्त 2 लाख 40 हजारांवर.

ही सूट कुठल्या गुंतवणुकीची नाही की वजावटीची नाही. पैशांऐवजी वस्तू किंवा सेवा मिळाली की तिची किंमत किती धरायची, या नियमातून ती येते. पगाराखेरीज मालकाकडून मिळणाऱ्या अशा लाभाला आयकर कायदा ‘पर्क्विझिट’ म्हणतो आणि ऑफिसात त्याचेच ‘पर्क’ होते. घर, गाडी, जेवण, बिनव्याजी कर्ज, माळी, क्लबचे सदस्यत्व, सगळे त्यात मोडते. 1961 च्या कायद्यातील कलम 17(2) पर्क म्हणजे काय ते सांगते आणि 1962 च्या नियमावलीतील नियम 3 त्याचा भाव ठरवतो. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू होतो आणि त्याची नियमावली वेगळी आहे. या लेखातील दर 2025-26 या आर्थिक वर्षाचे आहेत, म्हणजे याच कायद्याखालच्या शेवटच्या वर्षाचे. त्यापुढच्या वर्षांसाठी आकडे नव्या नियमांतून घ्यावेत, हिशेबाची रीत मात्र यावरून समजेल.

भाव ठरवायचे काम कर्मचाऱ्याचे नाही, मालकाचे आहे. पगारातून टीडीएस कापताना पर्कची किंमत पगारात मिळवून कर काढायची जबाबदारी त्याच्यावर असते. आता ‘किंमत’ म्हणजे काय, हा प्रश्न उरतो. कंपनीला झालेला खर्च? बाजारभाव? की कर्मचाऱ्याचे वाचलेले पैसे? नियम 3 यांतले एकच उत्तर सरसकट वापरत नाही. माळी किंवा वॉचमन दिला तर कंपनीचा प्रत्यक्ष खर्च धरतो. घराला पगाराची टक्केवारी लावतो. गाडीला महिन्याचा ठोक आकडा लावतो आणि जेवणाला ताटामागे मर्यादा घालतो. प्रत्यक्ष लाभ आणि नियमातली किंमत यांच्यातल्या फरकात कधी कर्मचाऱ्याचा फायदा असतो, कधी तोटा.

घर: भिंतींची नव्हे, पगाराची टक्केवारी

कंपनीने घर भाड्याने घेऊन दिले असेल, तर प्रत्यक्ष भाडे आणि पगाराचे 10 टक्के यांतली जी रक्कम कमी ती पर्कची किंमत. सुरुवातीच्या उदाहरणात भाडे 6 लाख आणि 24 लाखांचे 10 टक्के 2.4 लाख, म्हणून 2.4 लाख धरले. कर्मचाऱ्याकडून कंपनी काही भाडे वसूल करत असेल तर तेवढे यातून वजा होते. महिना 10,000 कापत असेल, तर 1.2 लाख वजा जाऊन करपात्र किंमत 1.2 लाखच राहते.

घर कंपनीच्या मालकीचे असेल तर भाड्याचा प्रश्नच नसतो. तिथे शहराची लोकसंख्या पाहतात. 2011 च्या जनगणनेनुसार 40 लाखांहून मोठ्या शहरात पगाराचे 10 टक्के, 15 ते 40 लाखांच्या शहरात साडेसात टक्के आणि त्याहून लहान गावी 5 टक्के. 1 सप्टेंबर 2023 पूर्वी हे दर 15, 10 आणि साडेसात टक्के होते. भाड्याच्या घराची मर्यादाही 15 टक्के होती. म्हणजे 2023 मध्ये कंपनीचे घर बऱ्यापैकी स्वस्त झाले, पण त्याची चर्चा पगारदारांत फारशी झाली नाही.

इथे ‘पगार’ या शब्दाकडे नीट पाहायला हवे, कारण अर्धे गोंधळ तिथेच होतात. घरासाठीचा पगार म्हणजे नुसता बेसिक नव्हे. बेसिक, निवृत्तीलाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ता, बोनस, कमिशन आणि सगळे करपात्र भत्ते त्यात येतात. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा, करमुक्त भत्ते आणि इतर पर्कची किंमत त्यात धरत नाहीत. म्हणून मार्चमध्ये मोठा बोनस हाती आला की घराची करपात्र किंमतही वाढते. वर्षभर पगाराच्या अंदाजावर टीडीएस कापणाऱ्या कंपनीचा हिशेब मग शेवटच्या महिन्यात वर जातो आणि कर्मचाऱ्याला वाटते, घर तेच, भाडे तेच, मग कर का वाढला?

कंपनीच्या मालकीच्या घराचा हिशेब उलट्या दिशेनेही बोचतो. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या वसाहतीतला जुना क्वार्टर घ्या. तिथे राहणाऱ्या अधिकाऱ्याचा पगार 18 लाख असेल, तर 5 टक्क्यांनी घराची किंमत होते वर्षाला 90,000, म्हणजे महिना 7,500. गावात तसे घर 4,000 रुपयांत मिळत असले तरी नियमाला त्याचे सोयरसुतक नाही. शेजारच्या तशाच क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, 6 लाख पगाराच्या कर्मचाऱ्यासाठी त्याच घराची किंमत महिना 2,500 होते. भिंती त्याच, पण ज्याचा पगार मोठा त्याचे घर महाग.

यावर सर्वोच्च न्यायालयात मोठा वाद झाला होता. 2001 मध्ये नियम 3 बदलून ठोक टक्केवारी आणली गेली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी तिला आव्हान दिले. अरुण कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायालयाने 2006 मध्ये नियम वैध ठरवला, पण एक अट घातली. कर्मचारी भाडे भरत असेल, तर त्याला भाड्यात खरोखर सवलत मिळते आहे का, हे आधी ठरवावे लागेल. सवलतच नसेल तर टक्केवारी लावता येणार नाही. सरकारने 2007 च्या वित्त कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि टक्केवारीपेक्षा कमी भाडे भरले म्हणजे सवलत मिळाली असे मानले जाईल, अशी तरतूद कायद्यातच घातली. बाजारभावाचा मुद्दा तिथे संपला.

एका बाबतीत मात्र नियम 2023 पासून नरम झाला. कर्मचारी त्याच घरात पुढच्या वर्षीही राहत असेल, तर पगारवाढीबरोबर घराची किंमत हवी तशी वाढू देत नाहीत. पहिल्या वर्षाची किंमत महागाई निर्देशांकाच्या प्रमाणात जेवढी वाढेल तेवढीच कमाल मर्यादा. समजा, 2023-24 मध्ये घराची किंमत 2 लाख निघाली होती. त्या वर्षी हा निर्देशांक 348 होता, 2025-26 मध्ये 376 आहे. पगार वाढल्यामुळे टक्केवारीने 2 लाख 40 हजार येत असले, तरी मर्यादा 2 लाख 16 हजारांच्या आसपासच राहते. ही वजावट आपोआप लागेलच असे नाही. पगारपत्रक सांभाळणाऱ्याने पहिल्या वर्षाचा आकडा जपून ठेवलेला असावा लागतो.

घरात फर्निचर, फ्रिज, एसी कंपनीचे असतील, तर त्यांच्या मूळ किमतीच्या 10 टक्के दरवर्षी वाढवतात. ते भाड्याने आणले असतील तर प्रत्यक्ष भाडे. 3 लाखांचे सामान असेल, तर 30,000 रुपये वाढतात.

गाडी: सीसी, ड्रायव्हर आणि आरसी बुक

गाडीचा नियम सर्वात उदार आहे. कंपनीच्या मालकीची किंवा कंपनीने लीजवर घेतलेली गाडी ऑफिसच्या आणि घरच्या अशा दोन्ही कामांना वापरली आणि पेट्रोलपासून दुरुस्तीपर्यंतचा खर्च कंपनीने केला, तर इंजिन 1.6 लिटरपर्यंत असल्यास महिना 1,800 रुपये आणि त्याहून मोठे असल्यास 2,400 रुपये एवढीच तिची किंमत. ड्रायव्हर असेल तर आणखी 900. पेट्रोल-देखभालीचा खर्च कर्मचारी स्वतः करत असेल, तर हे आकडे 600 आणि 900 वर येतात आणि ड्रायव्हरचे 900 तसेच राहतात.

हे दर 2009 चे आहेत. 2005 ते 2009 या काळात अशा लाभांवर फ्रिंज बेनिफिट टॅक्स होता आणि तो कंपनी भरत असे. 2009 मध्ये तो रद्द झाला, कराचा भार पुन्हा कर्मचाऱ्यावर आला आणि हे ठोक आकडे ठरले. त्यानंतर गाड्यांच्या किमती, पेट्रोल आणि ड्रायव्हरचे पगार कुठल्या कुठे गेले, पण 900 रुपयांचा ड्रायव्हर कागदावर तसाच राहिला. लाखभर रुपयांत होणारी गाडीची सोय 32,400 रुपयांत मोजली जाते ती यामुळेच.

इलेक्ट्रिक गाडीची वेगळीच अडचण आहे. 1962 चा नियम इंजिनाची क्षमता विचारतो आणि इलेक्ट्रिक गाडीला सीसी नसते. नियमात तिचा उल्लेखच नसल्याने अनेक कंपन्या तिला लहान गाडीचा दर लावतात.

गाडी फक्त खासगी कामासाठी असेल, तर ही मेहेरबानी नाही. तिथे कंपनीचा पूर्ण खर्च, ड्रायव्हरचा पगार आणि गाडीच्या किमतीच्या 10 टक्के झीज हे सारे धरतात आणि कर्मचाऱ्याने काही भरले असेल तर ते वजा करतात. घरच्यांसाठी दिलेली दुसरी गाडी याच खान्यात येते, कारण ठोक दराची सवलत एकाच गाडीला मिळते. उलट गाडी केवळ ऑफिसच्या कामाची असेल तर किंमत शून्य. त्यासाठी मात्र प्रत्येक फेरीची तारीख, कुठे गेली, किती किलोमीटर, किती खर्च याची नोंदवही आणि मालकाचे प्रमाणपत्र लागते. घरापासून ऑफिसपर्यंत कंपनीच्या वाहनाने येणे-जाणे हा मुळातच करपात्र लाभ मानला जात नाही.

या हिशेबात एक सापळा आहे. घराचे भाडे पगारातून कापले तर पर्कची किंमत कमी होते, हे आपण पाहिले. मिश्र वापराच्या गाडीला हे लागू नाही. कंपनीने गाडीसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून महिना 3,000 कापले, तरी 1,800 किंवा 2,400 हा आकडा तसाच धरतात.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. गाडी कर्मचाऱ्याच्या नावावर असेल आणि कंपनी तिचा खर्च भरत असेल, तर तेच आकडे उलट्या बाजूने काम करतात. समजा, पेट्रोल, दुरुस्ती आणि ड्रायव्हर मिळून कंपनीने वर्षाला 2 लाख 40 हजार दिले. गाडी 1.6 लिटरच्या आतली आणि वापर मिश्र. मग 1,800 अधिक 900, असे वर्षाचे 32,400 रुपये ऑफिसच्या वापराचे समजून वजा करतात आणि उरलेल्या 2 लाख 7 हजार 600 रुपयांवर कर लावतात. कंपनीच्या गाडीत 32,400 एवढीच रक्कम करपात्र असते. स्वतःच्या गाडीत तेवढीच रक्कम करमुक्त असते. ऑफिसचा वापर जास्त असल्याचे नोंदवहीने दाखवता आले, तर अधिक रक्कम वजा होऊ शकते, पण नोंदवही इमानदारीने रोज भरणारे थोडेच.

जेवण: ताटामागे 50 रुपये

कामाच्या वेळात ऑफिसात मिळणारे जेवण ताटामागे 50 रुपयांपर्यंत करमुक्त आहे. चहा-नाश्त्यावर कर नाही. दुर्गम भागातल्या किंवा समुद्रातल्या तेल-वायूच्या प्रकल्पावरील जेवणही पूर्ण करमुक्त आहे.

कँटीनचे उदाहरण घेऊ. ताट कंपनीला 130 रुपयांना पडते, कर्मचारी 40 रुपये देतो. कंपनीने सोसलेले 90 रुपये. त्यातले 50 करमुक्त, 40 करपात्र. महिन्याला 22 दिवस धरले तर वर्षाला 264 ताटे आणि 10,560 रुपये पर्क. रक्कम मोठी नाही, पण महागलेल्या जेवणामुळे ही मर्यादा आता सहज ओलांडली जाते.

जेवणाची कूपने किंवा मील कार्ड याला नव्या करप्रणालीत ही सवलत नाही. जुन्या प्रणालीत दोन वेळच्या जेवणाचे 22 दिवसांचे 2,200 रुपये महिना, म्हणजे वर्षाला 26,400 करमुक्त मिळत होते. कूपन हस्तांतरित न होणारे आणि केवळ खाद्यपदार्थांच्या दुकानात चालणारे असावे लागते. नव्या प्रणालीत कँटीनमधल्या ताटाची सवलत राहिली, कूपनची गेली. पगाराच्या रचनेत मील कार्ड अजूनही ‘टॅक्स बचत’ म्हणून दाखवले जाते, तेव्हा आपण कुठल्या प्रणालीत आहोत हे आधी पाहावे.

एका पगाराचा पूर्ण हिशेब

मुंबईतल्या एका अभियंत्याचा कल्पित हिशेब मांडू. बेसिक 15 लाख, बोनस 2 लाख आणि विशेष भत्ता 7 लाख, असा रोख पगार 24 लाख. त्याशिवाय कंपनी घरासाठी 6 लाख आणि गाडीसाठी 3 लाख 60 हजार खर्च करायला तयार आहे. करप्रणाली नवी.

सगळे रोख घेतले तर उत्पन्न 33 लाख 60 हजार. 75,000 प्रमाणित वजावट जाता 32 लाख 85 हजार. 24 लाखांपर्यंतचा कर 3 लाख आणि त्यावरच्या 8 लाख 85 हजारांवर 30 टक्क्यांनी 2,65,500. चार टक्के उपकर धरून एकूण 5,88,120 रुपये.

आता घर कंपनीने भाड्याने घेऊन दिले आणि 1.5 लिटरची गाडी ड्रायव्हरसह कंपनीच्या नावे लीजवर घेतली, वापर मिश्र. घराची किंमत 2,40,000, गाडीची 2,700 गुणिले 12 म्हणजे 32,400. एकूण 26,72,400, वजावटीनंतर 25,97,400. कर 3,00,000 अधिक 59,220, उपकर धरून साधारण 3,73,590 रुपये. फरक 2 लाख 14 हजारांहून अधिक. कंपनीचा खर्च दोन्हीकडे सारखा.

जुन्या प्रणालीत हाच हिशेब वेगळा लागतो. तिथे घरभाडे भत्त्याची सूट मिळते. ती काढताना भाड्यातून 10 टक्के वजा करतात ते बेसिक आणि महागाई भत्त्याचे, पूर्ण पगाराचे नव्हे. वरच्या अभियंत्याला 6 लाख भत्ता आणि 6 लाख भाडे असेल, तर 15 लाखांचे 10 टक्के वजा जाऊन 4.5 लाख करमुक्त आणि फक्त 1.5 लाख करपात्र. कंपनीच्या घराची करपात्र किंमत याहून जास्त, 2.4 लाख. म्हणजे जुन्या प्रणालीत त्याच्यासाठी भत्ता बरा आणि नव्यात कंपनीचे घर. एकदा आखलेली पगाररचना दरवर्षी तशीच पुढे ढकलणाऱ्यांना हे लक्षात येत नाही.

चूक कुठे सापडते

पर्कचा हिशेब फॉर्म 12बीए मध्ये असतो. तो फॉर्म 16 सोबत मालकाने द्यायचा असतो. प्रत्येक ओळीत तीन रकमा असतात: नियमांनुसार किंमत, कर्मचाऱ्याकडून वसुली आणि करपात्र रक्कम. घराच्या ओळीत पहिला आकडा भाड्याच्या किंवा पगाराच्या 10 टक्क्यांच्या जवळ आहे का, ते पाहावे. पगाराच्या 15 टक्क्यांएवढा असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये 2023 पूर्वीचा दर राहिलेला आहे. घर सात महिनेच वापरले असेल तर पगारही सात महिन्यांचाच धरायचा असतो, बाराचा नव्हे. वसुलीचा रकाना रिकामा असेल आणि पगारपत्रकात मात्र भाडे कापलेले दिसत असेल, तर तेवढा कर जास्त गेला. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल, तर दोन्ही मालकांकडील पगाराचा मेळ घालून विवरणपत्र भरण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची.

मालकाच्या बाजूने चूक वेगळी असते. त्याने किंमत कमी धरली तर टीडीएस कमी कापला गेला म्हणून व्याज आणि विचारणा त्याच्याकडे येते. म्हणून पगार विभाग कागद मागतो, आणि ते कागद फारसे वेगवेगळे नसतात: भाडेकराराची प्रत, गाडीचे आरसी बुक किंवा लीजचा करार, जेवणाची बिले.

त्या कागदांवर नाव कोणाचे आहे, यावरच पुढचा सगळा हिशेब अवलंबून असतो. भाडेकरारावर कर्मचाऱ्याचे नाव असेल आणि कंपनी त्याला पैसे परत देत असेल, तर 10 टक्क्यांची मर्यादा लागत नाही आणि मिळालेली रक्कम पगारासारखीच धरली जाते. आरसी बुक कर्मचाऱ्याच्या नावे असेल, तर 32,400 बाजू बदलतात. ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी पॅकेजच्या एकूण आकड्यावर घासाघीस करण्याआधी एचआरला एवढेच विचारावे: घराचा करार कोणाच्या नावे होणार, गाडी कोणाच्या नावे घेणार आणि माझ्याकडून काय कापणार? या तीन उत्तरांवरून वर्षअखेरचा फॉर्म 12बीए आधीच मांडता येतो.